मोदकाचा हिशेब पहाटे साडेतीनपासून

तिसऱ्या वर्षीची गणेश चतुर्थी मला घड्याळासकट आठवते. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दारात सहा माणसं उभी, फोन थांबत नव्हता, आणि ओट्यावर मोदक होते ते जेमतेम तीन खोक्यांपुरते. पुढची उकड परातीत वाफा टाकत पडली होती. "काकू, आमचे गुरुजी अकराला येणार आहेत हो," असं एक मुलगा दर पाच मिनिटांनी सांगत होता. त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून मला जास्तच लाज वाटत होती. त्या वर्षी मी साठ खोक्यांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. नारळ भरपूर होते, गूळ होता, पिठी होती. हात नव्हते.

तोपर्यंत सणाचा खास मेनू म्हणजे काय काय करायचं त्याची यादी, अशी माझी समजूत होती. उकडीचे मोदक, तळणीचे मोदक, पुरणपोळी, खिरापत, नारळीभात, शिवाय गिऱ्हाईक म्हणेल ते. त्या दिवसानंतर मी यादी उलटीकडून करायला लागले. आधी पाहायचं की चतुर्थीच्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरातून किती मोदक बाहेर पडू शकतात. मग त्या आकड्यावरून बाकी सगळं ठरवायचं: किती नारळ, कोणता भाव, जाहिरात कधी लावायची आणि कधी उतरवायची.

हा आकडा काढणं सोपं आहे, फक्त स्वतःशी खोटं बोलायचं नाही. हात बसलेली बाई पारी करून, सारण भरून, कळ्या पाडून, नाक काढून एक मोदक दोन मिनिटांत वळते. म्हणजे तासाला तीस. पण पाठ दुखते, चहा होतो, मध्येच एखादी पारी फाटते. सलग पाच तास धरले तर पंचवीसच पडतात. आमच्याकडे चार जणी वळायला बसतात, पहाटे साडेतीन ते साडेआठ. चार गुणिले पंचवीस गुणिले पाच, झाले पाचशे. त्यातले तीसेक उकडताना तडकतात किंवा नाकात वाकडे होतात. उरलेल्या चारशे सत्तरपैकी मी विकते चारशे चाळीस, म्हणजे अकराची चाळीस खोकी. वरचे तीस हे विमा समजा.

एकवीसचं खोकं मी ठेवत नाही. एकवीस लागणाऱ्यांनी दोन खोकी न्यावीत. बाविसावा मोदक घरी पोचेपर्यंत रिक्षात खाल्ला जातो, असा माझा अनुभव आहे, आणि त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

साडेआठच का, अजून दोन तास का नाही, असं कोणी विचारतं. कारण वळणाऱ्या बायकांच्या घरीही गणपती असतो. हॉटेलवाले आणि आमच्यासारखे घरगुती करणारे, सगळेच नेमकं हे विसरतात. दिवाळीचा फराळ पंधरा दिवस आधीपासून करता येतो, संक्रांतीचे लाडू आठ दिवस आधी. उकडीचा मोदक मात्र त्याच सकाळी व्हावा लागतो, आणि त्याच सकाळी तो वळणारी बाई तिच्या स्वतःच्या घरी हवी असते. पुण्यात हे काम उत्तम जमणाऱ्या कितीतरी जणी मूळच्या कोकणातल्या. त्या चतुर्थीच्या चार दिवस आधीच गाडी पकडतात. म्हणून मोदकाच्या धंद्यात सगळ्यात दुर्मीळ सामान म्हणजे वळणारा हात, आणि तो शोधायला मी आषाढातच निघते. ज्यांच्या घरी गणपती बसत नाही, नवरात्र बसतं, अशा दोघी मला मिळाल्या आहेत. उरलेल्या दोघींना नऊच्या आत घरी सोडायचं कबूल केलेलं असतं. पहाटेची रिक्षा माझ्या खर्चाने.

मेनूतली बाकीची नावंही याच कसोटीला लावायची. त्या सकाळी ज्याला एकही हात आणि एकही शेगडी लागणार नाही, तेवढंच यादीत राहतं. सुक्या खोबऱ्याच्या सारणाचे तळणीचे मोदक दोन दिवस आधी होतात आणि चांगले टिकतात. खिरापत आधी होते. दुसऱ्या दिवशीच्या ऋषिपंचमीची भाजी मी शिजवून देत नाही. अळू, लाल माठ, पडवळ, दोडका, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस अशा भाज्या निवडून, चिरून पिशवीत देते. ती चतुर्थीच्या दुपारनंतर भरायला घेतात, तेव्हा ओटा मोकळा असतो. पुरणपोळी मी यादीतून काढली तेव्हा काही जुनी गिऱ्हाइकं रागावली. त्यांना गौरीच्या जेवणाला पुरणपोळी देते, तेव्हा त्यांचा राग जातो.

आता सामान. पाचशे मोदकांना ते फार लागत नाही, हेच पहिल्यांदा करणाऱ्याला खरं वाटत नाही. एका मोदकाला बावीस ग्रॅम उकड आणि वीस ग्रॅम सारण. एक किलो पिठीची उकड साधारण दोन किलो चारशे ग्रॅम भरते, म्हणजे शंभरावर थोडे मोदक. चौघी मिळून तासाला शंभर वळतात, तेव्हा तासाला एक किलो पिठीची एक उकड, असा ताल आपोआप बसतो. यापेक्षा मोठी उकड एकदम काढायची नाही. ती गार झाली की पारीच्या कडा चिरतात, आणि वळणाऱ्या बाईला वाटतं आज माझा हात बिघडला.

पिठीसाठी मी तीन भाग आंबेमोहर आणि एक भाग बासमती तुकडा घेते. आंबेमोहोराने वास आणि चिकटपणा येतो, बासमतीने पांढरेपणा येतो आणि मोदक ताठ उभा राहतो. तांदूळ किती जुना आहे त्यावर पाणी ठरतं. नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि चिकट होतो, जुना जास्त पितो. भादव्यात मिळणारा तांदूळ बहुधा मागच्या हिवाळ्यातला, म्हणजे आठ-दहा महिन्यांचा असतो. तरी नव्या पोत्याची पिठी आली की आधी अकरा मोदक करून पाहायचेच. उकडताना तडा गेला तर पाणी कमी पडलं किंवा मळणं कमी झालं. मोदक बसला, नाक खाली आलं, तर पाणी जास्त. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचा असतो, आणि पुण्यातल्या श्रावणात ते जमत नाही. ओलसर तांदूळ दळला तर पिठीला आठवड्यात कुबट वास येतो. मी तांदूळ मे महिन्यात धुऊन, वाळवून डब्यात भरते आणि दळायला मात्र चतुर्थीच्या आठ दिवस आधी देते.

गुळाचा हंगाम दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत. ऑगस्ट-सप्टेंबरात दुकानात असतो तो साठवलेला, पावसाची हवा प्यायलेला. असा गूळ सारणात पाणी सोडतो, सारण सैल होतं आणि मोदक पोटातून फुटतो. ढेप फोडल्यावर आत बोट चिकटलं तर तो गूळ परत करायचा. प्रमाणाबद्दल एक सावधगिरी. घरी आपण दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ म्हणतो. हेच वजनाने मोजायला गेलं की फसगत होते, कारण खोवलेलं खोबरं वाटीत पोकळ बसतं आणि चिरलेला गूळ दाबून. माझं वजनातलं प्रमाण दोनशे ग्रॅम खोबऱ्याला एकशे चाळीस ग्रॅम गूळ. पाचशे मोदकांना पाच किलो गूळ होतो.

नारळावर थोडं थांबायला हवं, कारण भाव तिथेच ठरतो. मध्यम नारळातून दोनशे ग्रॅम चव निघतो आणि त्याच्या सारणात चौदा मोदक होतात. म्हणजे छत्तीस नारळ. नासके निघतील म्हणून बेचाळीस. मार्केट यार्डात नारळ शेकड्याने विकतात आणि नाव विचारून घ्यावा लागतो. नवा नारळ लहान असतो, तो तोरणाला, पूजेला. खोबऱ्यासाठी आम्ही मद्रास किंवा सापसोल घेतो, तो मोठा, जाड खोबऱ्याचा. हलवून आत पाणी खळखळतंय का ऐकायचं, आणि डोळे कोरडे आहेत का पाहायचं. डोळ्यापाशी ओल किंवा पांढुरकी बुरशी दिसली की आत खवट झालेला असतोच. शेंडी शाबूत ठेवली तर नारळ दहा-बारा दिवस चांगला राहतो.

नारळाची मागणी नारळी पौर्णिमेपासून चढते ती थेट नवरात्र होईपर्यंत उतरत नाही. म्हणून मी पौर्णिमेच्या आधी व्यापाऱ्याला इसार देऊन भाव बांधून घेते आणि माल चतुर्थीच्या आठ-नऊ दिवस आधी उचलते. भाव बांधला की मगच मोदकाची किंमत कुणाला सांगायची, आधी नाही. एका वर्षी मी उलट केलं. किंमत आधी सगळीकडे पाठवली आणि नारळ नंतर घ्यायला गेले. सगळा वाढलेला भाव माझ्या खिशातून गेला.

तरीही खरं सांगायचं तर नारळाच्या भावाने मोदकाचा धंदा बुडत नाही. गेल्या वर्षीच्या वहीतले आकडे देते, तुमच्याकडे ते थोडे वेगळे असतील. नारळ, गूळ, तांदूळ आणि दळण, तूप, वेलची-जायफळ-खसखस, हळदीची पानं, सगळं मिळून चार हजार रुपये. विकलेल्या चारशे चाळीस मोदकांवर भागलं तर मोदकाला नऊ रुपये. हॉटेलच्या धंद्यात एक ठोकताळा सांगतात की सामानाच्या तिप्पट किंमत लावावी, म्हणजे पगार, भाडं, नफा सगळं सुटतं. त्या हिशेबाने मोदक सत्तावीस रुपयांना जायला हवा.

आता बाकीचा खर्च पाहा. चार वळणाऱ्यांना त्या पहाटेचे प्रत्येकी बाराशे. उकडायला आणि खोकी भरायला एक मदतनीस, तिचे हजार. आदल्या दिवशी नारळ फोडून खोवण्याचे आठशे. पहाटेच्या रिक्षांचे सहाशे. हे सगळे झाले सात हजार दोनशे, सामानाच्या जवळजवळ दुप्पट. गॅसचे पाचशे, खोकी आणि कागदाचे आठशे, आधीच्या चाचणीचे आणि किरकोळ हजार. एकूण साडेतेरा हजार. मोदकामागे जवळपास एकतीस रुपये. सत्तावीसला विकला असता तर हातात ११,८८० आले असते, आणि वर सोळाशेवीस रुपये मीच घातले असते. पंधरा दिवसांची धावपळ फुकट ती वेगळीच.

तिप्पटीचा ठोकताळा थाळीला, भाजीला चालतो, कारण तिथे एक माणूस एका कढईत तीस जणांची भाजी करतो. ज्या पदार्थात प्रत्येक नग कुणीतरी बोटांनी घडवतो, तिथे किंमत हातापासून मोजायला लागते. मी गेल्या वर्षी पंचेचाळीस रुपये लावले, खोक्याला ४९५. चाळीस खोक्यांचे १९,८००. खर्च वजा जाता माझ्याकडे सहा हजार तीनशे राहिले. उकड मी स्वतः काढते, तेव्हा त्यात माझी मजुरीही आली.

आणखी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नारळ दहा रुपयांनी महागला तर बेचाळीस नारळांचे चारशेवीस, म्हणजे मोदकामागे एक रुपयासुद्धा नाही. पण चौघींतली एक आली नाही, तर सव्वाशे मोदक कमी होतात. विम्याचे तीस वापरूनही सात-आठ खोकी कमी पडतात, साडेतीन-चार हजारांना फटका बसतो, आणि तितक्या घरी नैवेद्याला मोदक जात नाही. म्हणून मी नारळवाल्याशी घासाघीस करते, वळणाऱ्या बाईशी करत नाही.

जाहिरात कधी करायची, याचं उत्तर पंचांगातच आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला गेली, गेल्या वर्षी ती २७ ऑगस्टला होती. मोबाइलमध्ये गेल्या वर्षीच्या तारखांची आठवण लावलेली असेल तर ती सगळी चुकीची. माझ्या वहीत तारखा नाहीत, तिथ्या आहेत. कारण तिथ्यांमधलं अंतर बदलत नाही. नारळी पौर्णिमा चतुर्थीच्या साधारण अठरा-एकोणीस दिवस आधी येते, आणि श्रावणातली संकष्टी साधारण दोन आठवडे आधी.

या संकष्टीइतकी चांगली जाहिरात दुसरी नाही. लोक त्या दिवशी उपास करतात, चंद्रोदयाला मोदकाची आठवण काढतात आणि दोन आठवड्यांवर गणपती आहे हे त्याच संध्याकाळी घरात बोललं जातं. त्या संध्याकाळी मी पाच-पाच मोदकांची वीस खोकी विकते आणि प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी ठेवते: चतुर्थीची किंमत, नेण्याची वेळ, आणि बुकिंग उद्यापासून. आषाढातली संकष्टी त्याच्या महिनाभर आधी येते. ती मी चाचणीला ठेवली आहे. त्या दिवशी नवी पिठी, नवी बाई आणि नवा मोदकपात्राचा बुडखा, सगळ्याची परीक्षा होते. मोदक शेजारी वाटले जातात, पैसे घेत नाही.

पहिले तीन दिवस बुकिंग फक्त जुन्या गिऱ्हाइकांना. त्यात पंचवीसेक खोकी जातात. मग व्हॉट्सॅपच्या स्टेटसवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. उरलेली पंधरा दोन-तीन दिवसांत संपतात. पैसे आधी घेते, त्याशिवाय नाव लिहीत नाही. चाळिसावं खोकं गेलं की त्याच मिनिटाला स्टेटस उतरवायचं आणि 'बुकिंग पूर्ण' असं टाकायचं. जाहिरात लावण्यापेक्षा उतरवणं मला जास्त अवघड जातं, कारण शेवटच्या आठवड्यात फोन करणारी माणसं दीडपट पैसे द्यायला तयार असतात. तिसऱ्या वर्षीची साठ खोकी अशाच फोनांतून झाली होती.

खूप आधी जाहिरात केली तरी उपयोग होत नाही. महिनाभर आधी लोक 'हो हो, नक्की' म्हणतात आणि विसरतात. तेव्हा त्यांच्या डोक्यात मूर्ती आणि मखर असतं. मोदक कोण करणार हा प्रश्न घरात उठतो तो शेवटच्या पंधरवड्यात, सासूबाईंच्या गुडघ्यांनी आणि सुनेच्या रजेने नकार दिला की.

वेळेचं शेवटचं टोक म्हणजे मोदक नेण्याची वेळ. सात, साडेसात, आठ, नऊ अशा चार वेळा, प्रत्येक वेळेला दहा खोकी. सगळ्यांना नऊचीच हवी असते, म्हणून बुकिंग करतानाच वेळ लिहून घेते. साडेचारला उतरलेले मोदक सातवाल्यांना जातात, शेवटचे नऊवाल्यांना. पूजा मध्यान्हीची, नैवेद्य बारा-एकच्या सुमारास, म्हणजे सातवाल्यांचा मोदक पानात पडेपर्यंत आठेक तासांचा झालेला असतो. म्हणून चिठ्ठीत लिहिलेलं असतं: फ्रिजमध्ये ठेवू नका, पारी कडक होते. नैवेद्याआधी तीन-चार मिनिटं वाफ द्या आणि वर तूप सोडा. मोदक गरम असताना खोकं बंद करायचं नाही, हा आमचा घरचा नियम. झाकणाला वाफेचं पाणी साचतं, ते खाली ठिबकतं आणि मोदक एकमेकांना चिकटतात. दहा-पंधरा मिनिटं ओलसर पंचाखाली ठेवून, बुडाशी हळदीचं पान घालून मग भरायचं.

गेल्या वर्षी नऊ वाजून दहा मिनिटांनी शेवटचं खोकं गेलं. परातीत सतरा मोदक राहिले होते. दोन-दोन वळणाऱ्या चौघींच्या डब्यात गेले, आणि नऊ आमच्या नैवेद्याला. मग मी वही उघडली आणि नाही म्हणून सांगितलेल्यांची नावं मोजली. सव्वीस खोकी झाली. पाचव्या बाईला बसवलं तर तासाला सव्वाशे मोदक होतील. तेव्हा उकड दर पन्नास मिनिटांनी काढावी लागेल, उकडायला दुसरं मोदकपात्र लागेल, आणि दुसऱ्या मोदकपात्राला तिसरी शेगडी. माझ्या ओट्यावर तिसऱ्या शेगडीला जागा नाही. यंदाही चाळीसच.